तीन सुयांनी खांद्याची जोड

दिवाळी सरली की आमच्या देवळाली प्रवऱ्याच्या शिवारात, पाटाच्या पाण्यावरच्या उसाच्या बाजूने, पहाटेचा गारठा चांगलाच जाणवू लागतो. मग घरोघरी लोकरीचे गुंडे आणि सुया बाहेर निघतात. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या वहिनी मुलाचा नवा स्वेटर घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "बाई, विणलाय चांगला, पण पोरगं घालीत नाही. खांद्याला टोचतं म्हणतंय."

मी स्वेटर उलटा करून पाहिला. पाठीचे आणि पुढचे टाके त्यांनी आधी घट्ट बंद केले होते, आणि मग त्या दोन कडा एकमेकींवर ठेवून दुहेरी लोकरीने शिवल्या होत्या. दोन कडा आणि वर शिवण, मिळून खांद्यावर बोटभर जाड दोरीच तयार झाली होती. त्यावरच दप्तराचा पट्टा येणार. मग पोराला टोचेल नाही तर काय!

यावर उपाय म्हणजे खांद्याचे टाके आधी बंदच करायचे नाहीत. दोन्ही भागांचे टाके सुईवर जिवंत ठेवायचे आणि तिसऱ्या सुईने ते जोडता जोडताच बंद करायचे.

आपण वहिनींचाच हिशेब घेऊ. एका इंचात पाच टाके बसतील अशी लोकर. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी पाठीला सत्तर टाके. दोन्ही बाह्यांच्या खाचांत सात-सात गेले, राहिले छप्पन्न. त्यांतले सोळा एका खांद्याचे, मधले चोवीस गळ्याचे आणि सोळा दुसऱ्या खांद्याचे. पुढच्या भागालाही गळा कमी करीत गेल्यावर दोन्हीकडे सोळा-सोळाच उरले पाहिजेत. पाठीच्या गळ्याचे चोवीस टाके एका दोऱ्यात ओवून ठेवा, पट्टी विणताना ते कामाला येतील. खांद्याजवळ हातभर लोकर राखून धागा तोडा.

आता पाठीचा आणि पुढचा भाग सुलट बाजू आत, एकमेकींना चिकटून, असे ठेवा. दोन्ही सुयांची टोके उजवीकडे हवीत. एकीचे टोक उलट्या दिशेला गेले, तर टाके दुसऱ्या सुईवर फिरवून घ्या. दोन्ही सुया डाव्या हातात धरा. तिसरी सुई पुढच्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात आणि तशीच मागच्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात घाला, आणि दोन्हींचा मिळून एकच सुलट टाका विणा. तसाच दुसरा विणा. आता उजव्या सुईवर दोन टाके झाले. त्यांतला पहिला उचलून दुसऱ्यावरून टाका. पुन्हा एक जोडी विणा, पुन्हा मागचा टाका पुढच्यावरून टाका. शेवटी एक टाका राहील. त्यातून धागा ओढून घ्या.

घट्ट हात असेल तर खांदा चुणतो. म्हणून तिसरी सुई एक नंबर जाड घ्यावी. चार-पाच टाके झाल्यावर जोड ताणून पाहावी. मूळ विणीइतकी सैल असली म्हणजे बरे. एकीकडे टाका जास्त निघाला, तर त्या बाजूचे दोन टाके एकत्र घ्यावेत. पण त्याआधी एखादा टाका सुटून शिडी पडली नाही ना, ते पाहावे. सुलट बाजू बाहेर ठेवून जोडले, तर जोडीची साखळी वर दिसते. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे कोळी जे गान्सी नावाचे स्वेटर घालीत, त्यांत पुष्कळदा ती मुद्दाम वरच ठेवलेली असे. चूक झाली, तर शेवटचा टाका सोडून सगळी जोड उसवता येते. शिवण मात्र कात्रीने तोडावी लागते, आणि तोडताना वीण कापण्याची भीती असते.

पण ही जोड सगळीकडे चालत नाही. खांद्याला उतार देण्यासाठी टाके पायरीपायरीने आधीच बंद केले असतील, तर शिवणेच भाग आहे. उतार हवा आणि टाके जिवंतही हवेत, तर अर्धवट ओळी विणून उतार घ्यावा लागतो. बाजूच्या आणि बाहीच्या कडांना टाके नसतात, ओळींचे टोक असते; तेथे सुईदोराच बरा. फार जड जाकिटालाही बंद केलेल्या दोन कडा शिवल्या, तर खांदा लोंबत नाही.

वहिनींनी तो खांदा उसवला, कडांची साखळी सोडून टाके पुन्हा सुईवर घेतले आणि याच रीतीने जोडले. दोन खांद्यांना तासभर लागला. दुसऱ्या दिवशी पोरगा दप्तर पाठीवर टाकून, तोच स्वेटर घालून शाळेत गेला.