म्हातारपणाची पुंजी : दरवर्षी एक ओळ

मैत्रिणींनो, आज वही-पेन्सिल घेऊन बसा. मी बोलणार आहे ते ऐकण्यापेक्षा लिहिण्याचं जास्त आहे.

आपल्यातल्या बहुतेकजणींना ना पेन्शन, ना फंड. चाळिशीतली, चार घरी पोळ्या करणारी एक बाई घेऊया. ती महिन्याला १,००० रुपये बाजूला टाकू शकते, आणि दिवाळीला पगार थोडा वाढला की पुढच्या वर्षापासून महिन्यामागे १०० रुपये जास्त टाकते. साठाव्या वर्षी तिच्या हातात काय येईल?

पैसे कुठे टाकायचे हे आधी ठरवू. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत महिन्याची रक्कम ठरलेली असते, ती मध्येच वाढवता येत नाही. वाढवायची तर दरवर्षी नवं खातं काढा. पीपीएफमध्ये, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, वर्षाला कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात, रक्कम आपण ठरवायची. खातं मात्र आपल्या स्वतःच्या नावावर हवं. ‘ह्यांच्या नावावर आहे की’ हे उत्तर मला चालणार नाही. व्याजाचा दर सरकार वेळोवेळी ठरवतं. आपण हिशोबापुरता ७ टक्के धरू.

आता पहिली ओळ. एप्रिलमध्ये भरलेल्या हजाराला बारा महिन्यांचं व्याज मिळेल, मेमधल्या हजाराला अकरा, आणि मार्चमधल्याला एकच. बारा, अकरा, दहा असं एकपर्यंत मिळवलं की ७८ येतात. म्हणजे ७८ महिन्यांचं हजारावरचं व्याज : ४५५ रुपये. वर्षाअखेर १२,४५५. हे व्याज पदरात पडायला पैसे दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरले पाहिजेत. सहा तारखेला भरले की त्या महिन्याचं व्याज गेलं.

दुसऱ्या वर्षी महिन्याला १,१००. आधीच्या १२,४५५ वर पूर्ण वर्षाचं व्याज ८७२. नव्या भरण्याचे १३,२००, त्यावर व्याज सुमारे ५००. सगळं मिळवा : २७,०२७. तिसऱ्या वर्षी हेच, फक्त १,२०० धरून : ४३,८६५. एवढंच करत जायचं. जुन्या शिलकीला पूर्ण वर्षाचं व्याज, नव्या भरण्याला साधारण निम्म्या वर्षाचं.

कोणी एजंट छापील तक्ता दाखवू लागला, तर त्याची पहिली ओळ तपासा. ७ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याज ४५५ च्या जागी ८४० दिसलं, तर त्याने वर्षभरात भरलेल्या सगळ्या पैशांना पूर्ण वर्षाचं व्याज लावलं आहे. पुढचे सगळे आकडे फुगलेले असणार.

आपल्या बाईची शिल्लक दहाव्या वर्षी सुमारे २ लाख ४० हजार होते. चौदाव्या वर्षी एक गंमत दिसते. त्या वर्षी ती २७,६०० भरते आणि व्याज येतं सुमारे २७,५००. पंधराव्या वर्षी व्याज तिच्या भरण्याच्या पुढे जातं. शिल्लक होते ४ लाख ९३ हजार. हजारावरच थांबली असती तर ३ लाख १३ हजार झाले असते.

सोळावं वर्ष संपलं की खात्याची मुदत संपते, आणि नेमकं तेव्हा मुलीचं लग्न किंवा घराचं छप्पर समोर उभं राहतं. पण आपला तक्ता पुढे पाहा. मुदत पाच वर्षांनी वाढवता येते. भरणा चालू ठेवायचा असेल तर तसा अर्ज मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत द्यावा लागतो. तिने तो दिला आणि सोळाव्या ते विसाव्या वर्षात महिन्याला २,५०० पासून २,९०० पर्यंत भरत गेली, तर विसाव्या वर्षी शिल्लक ८ लाख ८४ हजार. शेवटच्या पाच वर्षांत तिने भरले १ लाख ६२ हजार, शिल्लक वाढली ३ लाख ९१ हजारांनी.

आता कडू भाग. आठ लाख ऐकून डोळे दिपतात, पण महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर आज शंभराला मिळतं त्याला वीस वर्षांनी २६५ रुपये लागतील. म्हणजे हे पैसे आजच्या ३ लाख ३३ हजारांएवढे. त्यांचं ७ टक्क्यांनी महिन्याला व्याज ५,१५८ रुपये, आजच्या हिशोबात १,९४४. त्यात औषधपाणी भागेल, घर चालणार नाही.

म्हणून वहीत आणखी एक रकाना पाडा, ‘आजच्या भावाने’ असा. आणि हाच तक्ता दरवर्षी २०० ची वाढ धरून पुन्हा मांडा. विसाव्या वर्षी १२ लाख ५८ हजार येतात, आजच्या भावाने ४ लाख ७४ हजार. पण त्यासाठी शेवटच्या वर्षी महिन्याला ४,८०० भरावे लागतात. चार घरांतून दरवर्षी मिळून दोनशे, म्हणजे घरामागे पन्नास रुपये पगारवाढ निव्वळ या वहीसाठी. दिवाळीच्या आधी ती मागायची, तर किती मागायचे हा आकडा आता तुमच्याकडे आहे.