दगड, विहीर आणि परतीचा आवाज

विहिरीच्या कठड्यावरून दगड सोडायचा, ‘डुबुक’ ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि खोली सांगायची, हा उद्योग इथल्या पुष्कळांनी केलेला असणार. सेकंदांचा वर्ग करा, त्याला ४.९ नं गुणा, मीटरमध्ये उत्तर तयार. ३ सेकंद लागले तर ४४.१ मीटर. पण या ३ सेकंदांत दोन प्रवास आहेत: दगड खाली गेला तो एक आणि आवाज वर आला तो दुसरा. ४.९ चा नियम फक्त पहिल्याला लागतो.

हे दोन वेगळे कसे करायचे? शाळेत वर्गसमीकरण मांडतात, पण त्याच्यावाचूनही भागतं. २५ अंश तापमानाच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४६ मीटर जातो. विहीर ४४.१ मीटर खोल असती तर आवाजाला वर यायला ०.१२७ सेकंद लागले असते. ते ३ मधून वजा करा. पडण्यासाठी २.८७३ सेकंद उरले, म्हणजे खोली ४०.४ मीटर. आता ही खोली धरून आवाजाचा वेळ पुन्हा काढा. तो थोडा कमी भरतो आणि खोली ४०.७ होते. आणखी एकदा केलं तरी ४०.७ च. एकदा उत्तर जास्त आलं, मग किंचित कमी, आणि दोन्हींच्या मधे येऊन स्थिरावलं. आवाजाला विसरलो असतो तर विहीर जवळजवळ साडेतीन मीटरनं जास्त खोल ठरली असती.

ही चूक किती, हे आकडेमोड न करताही सांगता येतं. पाण्यावर आदळताना दगडाचा वेग आवाजाच्या वेगाच्या जितके टक्के असेल, साधारण तितक्याच टक्क्यांनी विहीर खोल भासते. आपला दगड सेकंदाला २८ मीटर वेगानं आदळला, म्हणजे आवाजाच्या ८ टक्के. चूकही ८ टक्क्यांचीच आहे. पाणी १० मीटरवर असलेल्या साध्या विहिरीत दगडाचा वेग १४ मीटरच होतो, चूक ४ टक्के, म्हणजे ४० सेंटिमीटर. तेवढ्यासाठी कुणी डोकेफोड करत नाही, आणि करूही नये.

कारण त्याहून मोठी गडबड हातात असते. ४० मीटरच्या विहिरीत घड्याळ दाबायला सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला की खोली अडीच मीटरनं वाढते. दगड आपणच सोडतो, म्हणून सुरुवात नेमकी साधते. आवाज मात्र ऐकल्यावर बोट हलतं, त्यामुळे हा उशीर बहुधा एकाच बाजूला, विहीर खोल दाखवण्याकडेच झुकतो. पुन्हापुन्हा मोजून सरासरी काढली तरी तो जात नाही. त्यापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. दगड हातातून सुटल्याचं चित्र आणि डुबुक आवाज एकाच फितीत मिळतात आणि चूक सेकंदाच्या तिसाव्या भागावर येते.

दुसरी खोड म्हणजे दगड भिरकावणं. सोडताना सेकंदाला फक्त १ मीटरचा खालच्या दिशेचा झटका बसला, तरी आपल्या विहिरीत हिशेब जवळजवळ तीन मीटरनं उथळ येतो. म्हणून हात कठड्याबाहेर स्थिर धरायचा आणि बोटं उघडायची, बस्स. ‘डुबुक’च्या आधी ‘टण्’ ऐकू आलं तर दगड बांधकामाला घासून गेला. ती नोंद टाकून द्यायची. आणि हातात येते ती पाण्यापर्यंतची खोली. पाण्याखाली किती विहीर आहे, हे दगड सांगत नाही.

हवेचा विरोध मात्र पाठ्यपुस्तकातल्या गणितात हळूच वगळलेला असतो. लिंबाएवढा, शंभरेक ग्रॅमचा गुळगुळीत गोल दगड घेतला, तर ३ सेकंदांच्या त्याच विहिरीची खोली ४०.७ नव्हे, ३९ च्या आसपास येते. ओबडधोबड दगडाला विरोध आणखी जास्त. चांगला किलोभराचा दगड घेतला तर ही चूक निम्म्यावर येते. खोली वाढते तशी आवाजाची टक्केवारी हळू वाढते, हवेची भराभर वाढते. लिंबाएवढ्या दगडासाठी सव्वाशे मीटरच्या सुमारास हवा आवाजाला गाठते.

जर्मनीत थुरिंगिया प्रांतात किफहॉयझर किल्ल्यावर १७६ मीटर खोल विहीर आहे. ती कोरडी धरून आपला लिंबाएवढा दगड तळापर्यंत सोडला असं समजू. पडायला ६.६ सेकंद आणि आवाजाला अर्धा, मिळून ७.१ सेकंद. आता आवाज वजा करून, पण हवा विसरून खोली काढली तर दोनशे मीटरच्या वर जाते. तिथं सरळ दोराला वजन बांधून खाली सोडावं.