सैनिकाचा प्रश्न आणि पाच जणांचे उत्तर

सप्टेंबर 2001. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळून जेमतेम दोन आठवडे झाले आहेत. अमेरिका अफगाणिस्तानवर चालून जाणार हे सगळ्यांना दिसते आहे. अशा वेळी अमेरिकी सैन्यातील ज्येष्ठ मुस्लिम धर्मगुरू, कॅप्टन मुहम्मद अब्दुर-रशीद, एक लेखी प्रश्न पाठवतात. सैन्यातले मुसलमान या लढाईत उतरू शकतात का? समोरही मुसलमानच असणार. नकार द्यावा तर नोकरीवर गदा येणार, आणि 'तुम्ही नक्की कोणाचे?' असे देशातले लोक विचारणार.

प्रश्न गेला ताहा जाबिर अल्-अल्वानी यांच्याकडे. हे मूळचे इराकचे, अल्-अझहरमध्ये शिकलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले विद्वान. मुसलमान बहुसंख्य नाहीत अशा देशांत राहणाऱ्यांसाठी वेगळा धर्मशास्त्रीय विचार हवा, म्हणजेच 'अल्पसंख्याकांचा फिक्ह' हवा, असे मांडणाऱ्यांत त्यांचे नाव आघाडीवर होते. त्यांनी हा प्रश्न अरब देशांतल्या जाणकारांपर्यंत पोचवला. 27 सप्टेंबरच्या उत्तरावर पाच सह्या आहेत. कतारमधले यूसुफ अल्-करदावी हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. तारिक अल्-बिश्री हे इजिप्तचे माजी न्यायाधीश, मुहम्मद सलीम अल्-अव्वा कायदेपंडित, फहमी हुवैदी पत्रकार आणि हैसम अल्-खय्यात पेशाने डॉक्टर. म्हणजे हे उत्तर केवळ मदरशातून आलेले नव्हते.

त्यांच्यापुढची खरी अडचण एका हदीसची होती. दोन मुसलमान तलवारी उपसून एकमेकांसमोर उभे ठाकले, तर मारणारा आणि मरणारा दोघेही नरकात जातात, असा तिचा आशय. पाचही जणांनी ती नाकारली नाही. त्यांनी म्हटले ते असे, की जो माणूस लढावे की न लढावे हे स्वतः ठरवू शकतो, त्याला ही ताकीद आहे. एखाद्या राज्याचा नागरिक आणि तिथल्या नियमित सैन्याचा शिपाई असलेल्या माणसाच्या हाती तो निर्णय नसतो. म्हणून सैनिकाने शक्य असेल तर प्रत्यक्ष लढाईऐवजी दुसरे काम मागावे. पण तसे मागण्याने त्याच्या देशनिष्ठेवर संशय येणार असेल, तर त्याने मागू नये. दोन संकटांपैकी लहान ते पत्करावे, हा फिक्हमधला जुना नियम त्यांनी इथे लावला. एका सैनिकाची घालमेल त्यांनी लहान मानली, आणि अमेरिकेतल्या सगळ्या मुसलमानांवर येणारे बालंट मोठे मानले.

इथे अमेरिकेचा कायदाही पाहिला पाहिजे. सद्सद्विवेकाच्या कारणाने लढण्यास नकार देण्याची सोय तिथे आहे, पण 1971 मध्ये गिलेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ही सवलत सगळ्याच युद्धांना विरोध असणाऱ्यासाठी आहे. 'मी लढतो, पण हे एक युद्ध नको' असे म्हणणाऱ्याला ती मिळत नाही. मुसलमान सैनिकाची भूमिका नेमकी तीच होती. त्यामुळे कायद्याचे ते दार त्याला बंदच होते.

त्या पाच जणांचा हा विचार एकाएकी उगवलेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या पंजाबातून कैरोच्या 'अल्-मनार' मासिकाकडे प्रश्न गेला होता, की इंग्रजांच्या कायद्याने न्याय करावा लागणारी नोकरी मुसलमानाने धरावी का? संपादक रशीद रिदा यांनी मुसलमानांचे हित पाहून ती मोकळी ठेवली. पुढे 1999 मध्ये युरोपीय फतवा परिषदेने राहत्या घरासाठी व्याजी कर्ज घ्यायला परवानगी दिली, कारण घराची गरज इतकी निकडीची की तिला नाइलाजाचा दर्जा देता येतो. परिषदेतल्या काही सदस्यांनी त्यालाही विरोध केला होता.

मला स्वतःला घराचा फतवा पटतो, सैनिकाचा पूर्ण पटत नाही. नोकरी, व्याज, घर यांत नाइलाजाने सूट घेतली, तर तिचा भार घेणाऱ्यावरच पडतो. पण निरपराध माणसाचा जीव घेणे ही गोष्ट जुन्या फकीहांनी नाइलाजाच्या बाहेर ठेवली आहे. तुझ्या गळ्यावर सुरी ठेवून कोणी 'याला मार' म्हटले, तरी मारण्याची मुभा नाही, असे ते सांगतात. तुझा जीव त्याच्या जिवाहून मौल्यवान कशावरून? 'निर्णय सैनिकाचा नाही' या उत्तराने हा आक्षेप पुरता मिटत नाही. गोळी शेवटी त्याच्याच बोटाने सुटते. शिवाय समाजावरचा संशय टाळण्याची किंमत एकट्या शिपायाच्या विवेकाने चुकवावी, हा हिशेब मला जड वाटतो.

फतव्यावर लगेच टीका झाली. ती करणाऱ्यांपैकी अनेक जण मुस्लिमबहुल देशांत राहणारे होते. नकार दिल्यावर अमेरिकेतल्या एखाद्या गावात त्या सैनिकाच्या बायको-मुलांना काय सोसावे लागेल, हे त्यांना भोगायचे नव्हते. फतवा हा न्यायालयाचा हुकूम नव्हे. तो विचारणाऱ्याला दिलेले मत असते, आणि ते स्वीकारायचे की नाही हे विचारणाऱ्यानेच ठरवायचे असते. त्या पाच जणांचे उत्तर हाती पडल्यावरही प्रत्येक सैनिकाला, आपल्या वरिष्ठाकडे बदलीचा अर्ज द्यायचा की नाही, हे स्वतःलाच ठरवावे लागणार होते.