नजाशीच्या हातातली काडी

आजचा भाग एका साध्या प्रश्नावर आहे. मुसलमान येशूला मानतात का? "हो" म्हटलं की मुसलमान श्रोते मान डोलावतात, आणि ख्रिस्ती श्रोते म्हणतात, अहो, पण ते आमचे येशू नव्हेत. दोघांचंही बरोबर आहे. कुठपर्यंत दोघं बरोबर चालतात आणि कुठे वाट फुटते, एवढंच आज बघायचंय. मी काही धर्मशास्त्राचा पंडित नाही, दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे. पण कुराण आणि शुभवर्तमानं शेजारी शेजारी ठेवून वाचलीत, आणि त्यात एक गोष्ट अशी सापडली की तिच्यात हा सगळा प्रश्न आख्खा येऊन बसतो.

गोष्ट इ.स. 615 च्या सुमाराची. मक्केत पैगंबर मुहंमदांच्या अनुयायांचा छळ चाललेला. त्यातले काही जण लाल समुद्र ओलांडून हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे, आश्रयाला गेले. तिथला राजा ख्रिस्ती. अरब त्याला नजाशी म्हणत. ते नाव नसून पदवी आहे. मागोमाग मक्केच्या कुरैशांनी दोन माणसं पाठवली, राजासाठी आणि त्याच्या सरदारांसाठी उत्तम कातड्याच्या वस्तू भेट म्हणून देऊन. मागणी एकच: आमची ही पळालेली माणसं आमच्या ताब्यात द्या.

राजाने निर्वासितांना बोलावलं. त्यांच्या वतीने पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर बोलले. तुमच्या पैगंबराने जे आणलंय त्यातलं काही ऐकवा, असं राजा म्हणाला, तेव्हा जाफरनी मरियमच्या सूरेचा सुरुवातीचा भाग म्हटला. राजा रडला, दाढी भिजली, त्याचे धर्मगुरूही रडले. दिवस निभावला.

पण मक्केच्या दोघांपैकी अम्र बिन आस हा मोठा हुशार माणूस. दुसऱ्या दिवशी तो राजाला म्हणाला, हे लोक ईसाबद्दल भयंकर बोलतात, त्याला नुसता सेवक म्हणतात, विचारा त्यांना. आता बघा, पंचाईत कशी झाली. गोड बोलून राजाला खूश करावं तर स्वतःची श्रद्धा सोडावी लागते, आणि स्पष्ट बोलावं तर बायकामुलांसकट परत मक्केला. जाफरनी सांगितलं ते असं: ईसा हे अल्लाहचे सेवक, त्याचे प्रेषित, त्याच्याकडचा आत्मा आणि कुमारी मरियमच्या ठायी टाकलेला त्याचा शब्द. राजाने जमिनीवरची एक काडी उचलली आणि म्हणाला, तुम्ही सांगितलंत त्याहून ईसा ह्या काडीएवढेही वेगळे नाहीत. हे ऐकून त्याचे सरदार फुरफुरले. मग राजाने भेटी परत केल्या आणि निर्वासितांना ठेवून घेतलं.

ही हकीकत मुसलमानांच्या बाजूची आहे, हे लक्षात ठेवा. उम्मे सलमा ह्या त्या निर्वासितांपैकी एक, पुढे पैगंबरांच्या पत्नी झाल्या. त्यांच्या तोंडची म्हणून ती इब्न इसहाकच्या चरित्रात येते, आणि ते चरित्र घटनेनंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहिलेलं. इथिओपियाच्या बाजूने काय लिहिलं असतं कोण जाणे. पण मला त्या फुरफुरणाऱ्या सरदारांचं महत्त्व वाटतं. राजाला काडीएवढाही फरक दिसला नाही, त्यांना मात्र दिसला. मग ती काडी खरंच केवढी?

आधी राजा का रडला ते बघू. कुराणात मरियम ही नावाने उल्लेख असलेली एकुलती एक स्त्री आहे. बाकी सगळ्या अमक्याची बायको, तमक्याची आई. 19वी सूरा तिच्याच नावाची. ईसांचा उल्लेखसुद्धा बहुतेक वेळा "मरियमचा मुलगा ईसा" असा. बापाच्या नावाने ओळखायच्या त्या समाजात हे असं लिहिणं म्हणजेच त्याला मानवी बाप नाही हे सांगणं. कुमारी मातेपोटी जन्म इस्लाम पूर्ण मानतो, त्यात काही हातचं राखलेलं नाही.

आणि मरियमचं बालपणसुद्धा कुराणात आहे. 3ऱ्या सूरेत तिची आई पोटातलं बाळ देवाच्या सेवेला वाहते, होते मुलगी, तरी नवस मोडत नाही. जकरिया तिचा सांभाळ करतात आणि प्रार्थनेच्या जागी जावं तेव्हा तिच्यापाशी अन्न आधीच आलेलं असतं. बायबलच्या चार शुभवर्तमानांत ह्यातलं काहीच नाही. ख्रिस्ती परंपरेत मात्र आहे. 'याकोबाचं आद्यशुभवर्तमान' म्हणून एक जुनं पुस्तक आहे, बायबलात न घेतलेलं, त्यात मरियेचा जन्म आणि मंदिरातलं वाढणं येतं. वांद्र्याच्या मोतमावलीची जत्रा ठाऊक असेल तुम्हाला. ती भरते 8 सप्टेंबरच्या सणाच्या निमित्ताने, आणि तो सण मरियेच्या जन्माचा. म्हणजे त्या सणामागची कथा बायबलमध्ये शोधायला गेलात तर मिळायची नाही. तिच्या जवळची कथा कुराणात मिळेल.

आता प्रसूती. लूकच्या शुभवर्तमानात बेथलेहेम आहे, योसेफ आहे, गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत. नाताळचा गोठा आपण बघतो तो हाच. कुराणातली मरियम एकटी आहे. योसेफ नाहीच. ती लांब निघून जाते, कळा येतात तेव्हा खजुराच्या बुंध्याचा आधार घेते आणि म्हणते की ह्याआधीच मी मेले असते, विसरली गेले असते तर बरं. खालून आवाज येतो, दुःख करू नकोस. पायाशी झरा आहे, झाड हलव, ताजे खजूर पडतील, खा, पी, आणि कोणी भेटलं तर आज मौनव्रत आहे म्हणून सांग. माझ्या मते प्रसूतीच्या वेदनेतल्या बाईचं इतकं जवळून चित्र धर्मग्रंथांत फार कमी सापडतं.

मग ती बाळ घेऊन लोकांसमोर येते. लोक बोल लावतात. मौन असल्यामुळे ती फक्त बाळाकडे बोट दाखवते. आणि बाळ बोलतं. त्याचा पहिला शब्द काय, तर मी अल्लाहचा सेवक आहे. अरबीत 'अब्द', अब्दुल्ला ह्या नावातला तोच. मग ग्रंथ मिळाल्याचं, प्रेषित असल्याचं, नमाज आणि जकातीचं, आईशी चांगलं वागण्याचं. आईची अब्रू वाचवणारं जे वाक्य, तेच मुलाचं देवत्व नाकारणारं आहे. इथून वाटा फुटतात.

कारण ख्रिस्ती तर्क नेमका उलटा जातो. लूकमध्ये देवदूत मरियेला सांगतो की पवित्र आत्मा तुझ्यावर येईल आणि म्हणून बाळाला देवाचा पुत्र म्हणतील. "म्हणून" हा शब्द महत्त्वाचा. कुराण म्हणतं, बाप नसणं ह्यावरून पुत्रपण निघत नाही. ईसांचं उदाहरण आदमसारखं आहे, मातीपासून घडवलं, हो म्हटलं आणि झाला. आदमला तर आईही नव्हती, मग त्याला कोणी देवाचा मुलगा म्हणत नाही. एकच घटना दोघांना मान्य, पण एकाला ती ओळख पटवते, दुसऱ्याला सामर्थ्य दाखवते.

शब्दांचंही तसंच. जाफरनी "शब्द" म्हटलं, आणि योहानाचं शुभवर्तमानही "शब्द" ह्याच शब्दाने सुरू होतं. आमच्या कामात असं होतं की दोन प्रोग्रॅममध्ये एकाच नावाचा व्हेरिएबल असतो, पण आत ठेवलेली गोष्ट वेगळी. योहानासाठी शब्द हा अनादी आहे, देवच आहे, आणि तोच देहधारी झाला. मुसलमान भाष्यकारांसाठी शब्द म्हणजे देवाची "हो" ही आज्ञा, जिच्यामुळे ईसा जन्मले. कदाचित नजाशीने ऐकला तो शब्द योहानाचा असेल. मसीह ही पदवीसुद्धा कुराण ईसांना देतं, पण तिच्यामागे जगाचं पाप वाहून नेण्याचं काम ठेवत नाही.

इथे दोन्हीकडून गैरसमज होतात. पुत्र म्हटलं की मुसलमानाला वाटतं, देवाला बायको होती की काय. ख्रिस्ती धर्म असं कधीच म्हणत नाही. 325 च्या निकाया परिषदेने पुत्र हा निर्माण केलेला नाही, पित्याच्याच तत्त्वाचा आहे, असं ठरवलं. तो जन्म काळातला नाही, शरीराचा नाही. दुसरीकडे, 5व्या सूरेत देव ईसांना विचारतो की मला आणि माझ्या आईला दोन देव माना असं तू लोकांना सांगितलंस का, आणि ईसा नाही म्हणतात. ह्यावर ख्रिस्ती म्हणतो, पण आमच्या त्रैक्यात मरिया नाहीच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आहेत. बरोबर आहे. पण 431 च्या इफिससच्या परिषदेपासून तिला "देवमाता" म्हणतात आणि तिच्याकडे मध्यस्थी मागतात, आणि मुसलमान भाष्यकारांपैकी अनेकांना त्या भक्तीत मर्यादा ओलांडलेली दिसते. कॅथलिक म्हणेल, आम्ही तिचा मान राखतो, उपासना फक्त देवाची. प्रॉटेस्टंट कदाचित ह्या वादात मुसलमानाकडे थोडा झुकेल, तेही गंमतच.

पण माझ्या मते काडीचं खरं टोक जन्मात नाही, क्रुसावर आहे. 4थ्या सूरेत म्हटलंय की त्यांनी ईसांना मारलं नाही, क्रुसावरही दिलं नाही, त्यांना तसं भासवलं गेलं, आणि अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचललं. बहुतेक भाष्यकार म्हणतात की दुसऱ्याच कोणाला त्यांचं रूप दिलं गेलं. हा नुसता इतिहासाचा तपशील असता तर वाद छोटा राहिला असता. पण पौल लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वासच फुकट. चर्चमध्ये प्रत्येक मिस्सेत त्या मरणाचंच स्मरण. ते मरण काढलं तर इमारतीचा खांबच काढला.

आणि इस्लामला त्या खांबाची गरज का नाही, तर कुराणात आदमने चूक केली, क्षमा मागितली आणि ती तिथेच मिळाली. पाप वारशाने पुढे येत नाही, त्यामुळे कोणी दुसऱ्याने ते फेडायचा प्रश्नच उरत नाही. उलट, अल्लाहने आपल्या प्रिय प्रेषिताला असं विटंबनेचं मरण येऊ दिलं असतं का, असं मुसलमान विचारतो. ख्रिस्ती म्हणतो, त्या विटंबनेतच देवाचं प्रेम दिसतं. दोघांनाही येशू प्यारे आहेत, म्हणूनच एक क्रूस धरून ठेवतो आणि दुसरा नाकारतो.

ईसा परत येतील, हे पुन्हा दोघं मानतात. हदीसनुसार ते दमास्कसच्या पूर्वेला पांढऱ्या मिनाराजवळ उतरतील, क्रूस मोडतील, न्यायाने राज्य करतील आणि मग इतर माणसांसारखे मरण पावतील. ख्रिस्ती मताप्रमाणे ते मरणाला आधीच जिंकून बसलेत, येतील ते जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला.

नजाशी वारला तेव्हा पैगंबरांनी मदिनेत, समोर देह नसताना, त्याची जनाज्याची नमाज पढली, असं हदीसमध्ये येतं. तो मुसलमान झाला होता असं परंपरा मानते. त्या सरदारांचं पुढे काय झालं, कोणी लिहून ठेवलेलं नाही. प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेऊ.