वर्गणी संपली, कार्ड मागे राहिले

सावनेरच्या या बैठकीत एकच गोष्ट सांगतो. ॲपची वर्गणी संपली, म्हणून आपली माहिती पुसली जात नाही. ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानदार कंपनीला पूर्ण कार्ड क्रमांक साठवता येत नाही. त्याऐवजी टोकन राहते. ते बँकेकडूनही रद्द करता येते. म्हणून आधी ऑटो-पे थांबवा, मग टोकन काढा.

त्यानंतर नोंदणीकृत ईमेलवरूनच कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा : “माझी वर्गणी अमुक तारखेला संपली. माझे नाव, पत्ता, मोबाईल पुसा. काही ठेवणार असाल, तर कोणत्या कायद्याने, ते लेखी कळवा.” बिलाच्या नोंदी कंपनीला ठेवाव्याच लागतात. उत्तर येईपर्यंत खाते मात्र बंद करू नका. नाहीतर ते आपलेच होते, हे पटवणे अवघड जाते.