भाग ३८ : मेष-तूळ, सात गुणांची ओढ आणि तीन गुणांची मैत्री

(पॉडकास्टमधील बोलण्याचा लिखित मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून किरकोळ बदल केले आहेत.)

गेल्या आठवड्यात एका श्रोत्या ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांच्या मुलीची रास तूळ, मुलगा मेषेचा. गुरुजींनी पत्रिका बघून सांगितलं, "समसप्तक आहे, उत्तम जमतंय." मग घरातल्या आत्याबाई म्हणाल्या, "अगं, समोरासमोरच्या राशी, जन्मभर भांडतील." ताईंचा प्रश्न असा की, यातलं खरं कोणाचं धरायचं?

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. ज्योतिषाच्या हिशोबाने दोघांचंही खरं आहे, आणि ते गुणमेलनाच्या कोष्टकातच लिहिलेलं आहे. आपण फक्त शेवटची बेरीज बघतो, म्हणून दिसत नाही.

समसप्तक म्हणजे काय, तर एका राशीपासून मोजत गेलं की दुसरी सातवी येते, आणि दुसरीपासून मोजलं तरी पहिली सातवीच येते. मेषेपासून सातवी तूळ, तुळेपासून सातवी मेष. पत्रिकेत सातवं स्थान जोडीदाराचं. शिवाय प्रत्येक ग्रहाची सातव्या स्थानावर पूर्ण दृष्टी असते. म्हणजे याचा चंद्र तिच्या चंद्राकडे थेट बघतोय, आणि तिचा याच्याकडे. तिरकं बघणं नाही, कानाडोळा नाही. आभाळात सूर्य आणि चंद्र असे समोरासमोर आले की पौर्णिमा होते. आकर्षणाची कल्पना तिथून आलेली आहे.

म्हणून अष्टकूटात भकूट नावाचं जे कूट आहे, त्यात समसप्तकाला सातपैकी सात गुण. षडाष्टकाला शून्य, द्विर्द्वादशाला शून्य, नवपंचमालाही बऱ्याच पंचांगांत शून्य. समसप्तकाला मात्र पूर्ण.

आता त्याच कागदावर जरा वर बघा. ग्रहमैत्री, पाच गुण. इथे दोन राशींच्या स्वामींचं आपसात जमतं का ते बघतात. मेषेचा मंगळ, तुळेचा शुक्र. मंगळ शुक्राला सम मानतो, शुक्र मंगळाला सम मानतो. मित्रही नाही, शत्रूही नाही. सम-सम म्हणजे पाचपैकी तीन. आणि गंमत अशी की समोरासमोरच्या सहा जोड्यांमध्ये हे तीनच सर्वात जास्त आहेत! वृषभ-वृश्चिक परत शुक्र-मंगळच, म्हणून तीन. मिथुन-धनू, कन्या-मीन, कर्क-मकर, या तिघांना अर्धा गुण. सिंह-कुंभ, सूर्य आणि शनी, तिथे चक्क शून्य. एकाही जोडीला पाच नाहीत, चारही नाहीत. भकुटात पूर्ण आणि मैत्रीत अपुरे, हा या सहाही जोड्यांचा ठसा आहे. ओढ आहे, पण मैत्री आयती मिळत नाही. "परीक्षा घेणारी जोडी" म्हणतात ते यामुळे.

आता एक पत्रिका सांगते. नावगाव सांगत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. मुलगा मेष रास, अश्विनी नक्षत्र. मुलगी तूळ, स्वाती. नाडी वेगळी, आठ गुण. गण दोघांचाही देव, सहा. भकूट सात, मैत्री तीन, तारा दीड, वर्ण एक. झाले साडेसव्वीस, वश्याचे अजून धरलेलेच नाहीत. अठरा पुरतात म्हणतात, इथे तर दिवाळी. पण योनी? अश्विनीची अश्व, स्वातीची महिष. ही वैरयोनी, चारपैकी शून्य. मोठ्या बेरजेत हा शून्य कोणाच्या लक्षातच आला नाही.

लग्नानंतर दोन वर्षांनी दोघं माझ्याकडे आले. प्रेम आहे का विचारलं, तर दोघंही हसले, म्हणजे ते होतं. भांडण फ्लॅटवरून होतं. त्याने साइट बघितली आणि त्याच संध्याकाळी टोकन देऊन आला. ती म्हणाली, माझ्या आईबाबांना दाखवायचं होतं, बँकेत विचारायचं होतं, अजून दोन फ्लॅट बघायचे होते. तो म्हणाला, तू विचारत बसशील आणि फ्लॅट जाईल. ती म्हणाली, मला न विचारता तू घर कसं घेतोस?

हे भांडण या जोडीत पैसा आणि माहेर-सासर यावरच का येतं, त्याचं ज्योतिषातलं कारण मला फार आवडतं. मेषेपासून सातवी रास तूळ, स्वामी शुक्र. मेषेपासून दुसरी वृषभ, तिचाही स्वामी शुक्रच. दुसरं स्थान धनाचं आणि कुटुंबाचं. आता तुळेपासून मोजा. सातवी मेष, स्वामी मंगळ. दुसरी वृश्चिक, परत मंगळ. म्हणजे दोघांच्याही बाबतीत जो ग्रह जोडीदाराचा, तोच तिजोरीचा. एकाच्या तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला! वृषभ-वृश्चिकात हेच दोन ग्रह आहेत, पण तिथे ते बाराव्याचे, म्हणजे व्ययाचे स्वामी होतात, त्यामुळे त्यांच्याकडे भांडणाचा रंग वेगळा.

आणखी एक गोष्ट आहे. सूर्य मेषेत उच्च, तुळेत नीच. शनी तुळेत उच्च, मेषेत नीच. मेषेला "मी ठरवलं" यात मान वाटतो, तुळेला "नियमाने, दोघांनी मिळून" यात. एकाचा जिथे मान, तिथे दुसऱ्याचा अपमान. त्यात दोन्ही चर राशी, दोघांनाही सुरुवात आपण करायची असते. तूळ गोड बोलते म्हणून ती मागे राहील असं समजू नका.

मी त्यांना शांत वगैरे सांगितली नाही. एवढंच सांगितलं की, एक रक्कम ठरवा. त्याखाली दोघांनी आपापलं ठरवायचं, त्यावरचं काही असेल तर तिने आठ दिवसांत हो किंवा नाही सांगायचं आणि त्याने तेवढे आठ दिवस थांबायचं. मंगळाला तारीख लागते, शुक्राला विचारलं जाणं लागतं. फ्लॅट त्यांनी तोच घेतला, पण तिच्या बाबांना दाखवून.

ताई, आता तुमच्यासाठी एक सावधगिरी. रास कुठली धरताय ते आधी बघा. आपल्याकडे रास म्हणजे जन्माच्या वेळी चंद्र जिथे होता ती. इंग्रजी पेपरातली असते सूर्याची, तीही सायन. ५ एप्रिलचा मुलगा आणि १० ऑक्टोबरची मुलगी पेपरात मेष-तूळ दिसतील, पण निरयन पद्धतीत त्यांचे सूर्य मीन आणि कन्येत असतात. अंतर सातचंच राहिलं, पण स्वामी बदलले, गुरू आणि बुध आले. आणि गुणमेलन तर सूर्यावर होतच नाही! एकाची पेपरातली रास आणि दुसऱ्याची पत्रिकेतली, असं जुळवून लोक समसप्तक काढतात, तेव्हा मला कपाळावर हात मारावासा वाटतो.

आणि हेही सांगते, हे सगळं ज्योतिषाच्या परंपरेतलं वाचन आहे, प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं नाही. गुणांच्या कागदावरून स्थळ नाकारू नका, आणि त्यावर डोळे मिटून होकारही देऊ नका. पत्रिका हातात असेल तर बेरीज झाकून ठेवा, योनी आणि ग्रहमैत्रीचे आकडे बघा, आणि मुलामुलीला एकदा पैशाबद्दल समोरासमोर बोलायला बसवा. आत्याबाईंना नंतर चहाला बोलवा.

पुढच्या भागात कर्क-मकर. अर्ध्या गुणाची मैत्री, आणि काही ज्योतिषी तर हे समसप्तक शुभच धरत नाहीत. का, ते तेव्हा बघू.