फोटोखालची ओळ

संक्रांतीला आमच्या गटाने गच्चीवर पतंग उडवले आणि त्याचा एक फोटो फारच छान आला. तो मोठा करून बैठकीच्या खोलीत लावायचा ठरलं. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला बायका येतात, त्यांना दिसावा म्हणून. आता फोटो लावायचा तर खाली एक ओळ हवी. आज त्या ओळीबद्दलच सांगणार आहोत.

फोटोत आमच्यातल्या दोघी आहेत. एकीच्या हातात दोरा, ती मान वर करून ढील देते आहे. दुसरी तिच्या मागे फिरकी धरून उभी. पतंग वर कोपऱ्यात, रुपयाएवढा. दोघींची तोंडं हसरी आहेत. पण गावाला ठाऊक आहे की कर्जाच्या हप्त्यावरून या दोघी दिवाळीपासून एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. पतंगाला मागे फिरकी धरणारं कुणीतरी लागतंच, म्हणून त्या दिवशी एकत्र आल्या इतकंच.

कुणीतरी लगेच म्हणालं, ‘‘त्यात काय एवढं? तिळगूळ घ्या, गोड बोला, असं लिहा.’’ एरवी ते वाक्य कुणी वाचतही नाही, डोळा त्यावरून सरकतो. पण या फोटोखाली ते नक्की वाचलं गेलं असतं, आणि टोमणा म्हणून. ‘बघा, यांनाच सांगितलंय!’ म्हणून ते नको.

मग शब्द शोधायला बसलो. आम्हाला असा शब्द हवा होता जो फोटोत दिसतो आणि बोलण्यातही असतो. पतंगाचं आणि बोलण्याचं गणगोत मराठीत बरंच मोठं आहे. दोरा तुटतो आणि माणूस तोडून बोलतो. दोरा ताणतात, विषयही ताणतात. दोऱ्याचा गुंता होतो तसा बोलण्याचाही होतो. एकीने लिहून आणलं, ‘दोरा तुटला तरी चालेल, तोडून बोलू नका.’ ऐकायला छान आहे. पण फोटोत दोरा तुटलेला नाही, आणि ‘नका’ म्हटलं की पुन्हा उपदेशच झाला. दुसरीने सुचवलं, ‘ढील पतंगाला, लगाम जिभेला.’ हेही तसंच. शिवाय दोरा धरलेल्या बाईचीच जीभ गटात जरा तिखट आहे! हसू आलं सगळ्यांना, पण ते तिच्यावर आलं असतं.

मग लक्ष गेलं मागच्या बाईच्या हाताकडे. फिरकी. मांजा गुंडाळायची ती फिरकी, आणि एखादीची गंमत करतो तेव्हा ‘फिरकी घेतली’ म्हणतो, तीही फिरकीच. वस्तू फोटोत समोर आहे, समजावून सांगावं लागत नाही. पहिली ओळ झाली, ‘आज फिरकी घेतली, पण कुणाची नाही.’ बरी होती. पण ती कुठल्याही पतंगाच्या फोटोखाली चालली असती. संक्रांत कुठे आहे तिच्यात? गोडवा कुठे आहे?

तो आणला मुलींच्या बोलण्याने. पोरी एकमेकींना ‘गळ्याशप्पथ’ म्हणतात ना? आमच्या एका सभासदाची मुलगी शेजारी तिळाचे लाडू खात बसली होती. ती लाडू हातात धरून म्हणाली, ‘‘गुळाशप्पथ!’’ बस. जराशा फरकाने शपथही झाली आणि तोंडही गोड झालं.

मग वाक्य घासून लहान केलं. शेवटी उरलं ते हे:

‘फिरकी घेतली ती दोऱ्याचीच. गुळाशप्पथ!’

यातला ‘च’ महत्त्वाचा आहे. तो काढून वाचा, नुसती माहिती उरते. ‘च’ ठेवला की ऐकणारीला कळतं, कुणीतरी संशय घेतला होता आणि ही हसत हसत सफाई देते आहे. कुणाला काही करायला सांगितलेलं नाही, कुणाचं नाव नाही. जिला दोघींचं माहीत आहे ती जरा जास्त हसेल, जिला नाही तिला पतंग पुरेसा आहे. आणखी एक केलं: ओळ मोठ्याने वाचून पाहिली. रेडिओच्या सवयीने आम्हाला कळतं, कागदावर चालणारी कोटी कानाला कधी कधी अडते. ‘गुळाशप्पथ’ घाईत म्हटलं तर ‘गळ्याशप्पथ’ ऐकू येतं, म्हणून ‘गु’वर जरा थांबायचं आणि लिहिताना ते अक्षर मोठं काढायचं.

लावण्याआधी दोघींना वेगवेगळं बोलावून दाखवलं. कारण चेहरे त्यांचे आहेत. एकीने हरकत घेतली असती तर ओळ गेली असती आणि फोटोखाली नुसती तारीख आली असती. दोरावालीने वाचलं आणि म्हणाली, ‘‘तिला विचारलंत का?’’ फिरकीवालीला विचारलं, तर तीही तेच म्हणाली. ‘‘तिला विचारलंत का?’’

आम्ही दोघींनाही ‘हो’ म्हणालो. फोटो खिडकीशेजारी लावला आहे.